तीन मिलिमीटरचा फरक आणि पिवळा दिवा

दसऱ्याच्या सकाळी गाडी धुऊन पुसून लख्ख होते, बॉनेटवर हळदीकुंकू पडतं आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा घसघशीत हार चढतो. हाराच्या मध्यभागी आंब्याचा डहाळा, खाली लिंबू-मिरची. दुपारी मंडळी सोनं वाटायला गावाकडे निघतात. गाडी महामार्गाला लागते न लागते तोच डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ येते : Radar blocked. समोरच्या धडकेची आगाऊ सूचना देणारी आणि वेळ पडल्यास स्वतःहून ब्रेक दाबणारी यंत्रणा बंद झालेली असते. हार उतरवून गाडी थोडी चालवली की बहुतेक वेळा दिवा आपला आपण विझतो.

दुसऱ्या एका घरी तसाच दिवा लागलेला असतो. तिथे हार नाही, चिखल नाही. पुढचा बंपर महिन्यापूर्वीच नवा बसवलेला आहे. मालकाने जाळी दोनदा पुसून पाहिली, गाडी बंद करून पुन्हा चालू केली, गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून कोडही पुसून दिला. दोन दिवस शांततेत गेले आणि दिवा परत हजर.

पहिल्या गाडीच्या रडारला दिसत नव्हतं. दुसऱ्या गाडीच्या रडारला चांगलं दिसतंय, पण ते भलतीकडे बघतंय. दिवा एकच असला तरी दुखणी वेगळी आहेत, आणि त्यांचे उपायही.

भारतात ‘एडास’ या नावाने ओळखली जाणारी ही साधनं मध्यम किमतीच्या गाड्यांमध्ये २०२१च्या सुमारास दिसू लागली. महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि एमजीची अ‍ॅस्टर ही त्यातली सुरुवातीची नावं. बऱ्याच गाड्यांत समोर पाहणारी दोन इंद्रियं असतात. एक कॅमेरा, आरशामागे काचेला चिकटलेला. दुसरं रडार, पुढच्या नाकाडात कुठेतरी दडवलेलं. समोर दिसतंय ती गाडी आहे की माणूस हे कॅमेरा सांगतो. ती वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतेय हे रडार सांगतं. दोघांचं एकमत झालं की यंत्रणा ठाम निर्णय घेते. अर्थात सगळ्यांत रडार असतंच असं नाही. होंडाने भारतात सिटीच्या हायब्रिड मॉडेलमध्ये फक्त कॅमेऱ्यावर काम भागवलं आहे. तेव्हा दिवा लागल्यावर बंपरखाली वाकण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत रडारची जागा पाहून घ्यावी. काही गाड्यांत ते लोगोच्या मागे असतं, काहींत खालच्या जाळीत काळ्या गुळगुळीत पट्टीआड, तर काहींत थेट बंपरच्या प्लॅस्टिकमागे.

हे रडार ७७ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी सोडतं. त्यांची लांबी चार मिलिमीटरलाही थोडी कमी भरते. ही लहर प्लॅस्टिकमधून फारशी अडखळत नाही, धुक्यातून आणि अंधारातून आरामात जाते. तिचं वैर आहे ते पाण्याशी. पाणी ही लहर परतवतं आणि शोषूनही घेतं, त्यामुळे रडारच्या झाकणावर बसलेला पाण्याचा एक पातळ थर हवेतल्या पावसापेक्षा जास्त अडथळा करतो.

हे एकदा लक्षात आलं की पुष्कळ कोडी सुटतात. मराठवाड्यात उन्हाळाभर फिरून धुळीने माखलेल्या गाडीला हा दिवा सहसा त्रास देत नाही, कारण कोरडी धूळ लहरींना बऱ्यापैकी वाट देते. तीच गाडी श्रावणात कोकणात उतरली आणि पुढच्या ट्रकने उडवलेला तांबडा चिखल नाकावर बसला की यंत्रणा हात टेकते. चिखलातली माती त्याला जबाबदार नसते; मातीत धरून राहिलेलं पाणी जबाबदार असतं. हारातली फुलं आणि पानंही पाण्याने भरलेली असतात. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हाच संदेश हिवाळ्यात भेटतो, आणि तिथेही भुरभुरीत कोरड्या बर्फापेक्षा वितळू लागलेला ओला बर्फ अधिक छळतो.

आपल्या तोंडावर काहीतरी आलंय हे रडारला कळतं तरी कसं? त्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही. ते अंदाज बांधतं. गाडी धावतेय, म्हणजे समोरून काही ना काही प्रतिध्वनी यायला हवेत : पुढची वाहनं, खांब, कठडे, पाट्या. बराच वेळ काहीच आलं नाही, किंवा जे आलं ते नेहमीपेक्षा फारच क्षीण निघालं, किंवा अगदी नाकासमोरूनच जोरदार लहर परत आली, तर वाट अडली असावी असा निष्कर्ष ते काढतं.

अंदाज म्हटला की तो चुकणारही. ज्या उघड्या माळावर मैलोन्‌मैल खांब नाही, कठडा नाही आणि समोर वाहनही नाही, तिथे स्वच्छ रडारसुद्धा ‘मला दिसत नाही’ अशी तक्रार करू शकतं. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत तसा इशाराही छापलेला असतो. मोकळ्या रस्त्यावर लागलेला आणि गावाची वस्ती सुरू होताच विझलेला दिवा बहुधा याच जातीचा.

अडथळ्याचा दिवा असेल तर उपाय साधा आहे. गाडी सुरक्षित जागी उभी करावी, रडारची जागा पाण्याने भिजवून मऊ फडक्याने पुसावी, आणि पुन्हा निघावं. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून थेट त्या जागेवर मारू नये. मुसळधार पावसात तर पुसण्यातही अर्थ नसतो. पाऊस ओसरला की रडार आपोआप कामावर येतं.

पुसून न जाणारे अडथळे वेगळे. ते माणसाने हौसेने किंवा काटकसरीने बसवलेले असतात. लोखंडी गार्ड हे त्यातलं ठळक उदाहरण. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा क्रॅश गार्डवर कारवाई करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. पादचाऱ्यांना होणारी इजा आणि एअरबॅगच्या कामात येणारा व्यत्यय ही त्यामागची चिंता होती. रडारच्या दृष्टीने पाहिलं तर धातूची नळी म्हणजे भिंतच. अ‍ॅल्युमिनियमची नंबरप्लेट हौशी फ्रेममध्ये बसवून जागेवरून वर-खाली सरकवली तरी तीच गत होते.

बंपरची डागडुजी हा त्याहून फसवा प्रकार. चिरलेला बंपर टाकून देण्याऐवजी प्लॅस्टिक वितळवून सांधायचा, वर पुट्टी भरायची, घासायची आणि रंगाचे दोन हात द्यायचे, हे काम आपल्याकडे फार सफाईने होतं. एरवी त्यात वावगं काही नाही. पण रडारसमोरच्या प्लॅस्टिकची जाडी कंपनीने लहरीच्या लांबीचा हिशेब करून ठरवलेली असते, जेणेकरून आतून निघालेली लहर कमीत कमी परतून येईल. तिथे मिलिमीटरभर पुट्टी चढली किंवा धातूची पूड असलेल्या चकाकत्या रंगाचा जाड थर बसला की हिशेब बिघडतो. लोगोचंही तसंच. रडारसमोरचा चंदेरी लोगो दिसायला क्रोमचा वाटला तरी त्यावरचा चकाकता थर लहरींना वाट देईल असाच खास बनवलेला असतो. तो तुटला म्हणून बाजारातून साधा क्रोमचा आणून चिकटवला, तर बाहेरून फरक ओळखू येणार नाही. रडारला मात्र लगेच कळेल.

आता दुसरं दुखणं. हे समजायला थोडी भूमिती लागते, पण शाळेतली पुरते.

रडार सरळ समोर पाहण्याऐवजी एक अंश डावीकडे पाहू लागलं, तर १०० मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला पडते. दोन अंश वळलं तर साडेतीन मीटर. महामार्गाची एक लेन साधारण तेवढीच रुंद असते. म्हणजे दोन अंशांच्या चुकीत रडार शेजारच्या लेनमधल्या ट्रकला आपल्या पुढचा समजेल आणि खरोखर पुढे असलेल्या गाडीला शेजारच्या लेनमधली. टॉर्च एखाद्याने किंचित तिरकी धरली तर पायापाशी उजेड ठीक पडतो, पण वाट लांबवर चुकते, तसंच हे आहे. उभ्या दिशेतही तोच घोळ होतो. नजर खाली गेली तर रडार रस्ताच पाहत बसतं. वर गेली तर दिशादर्शक फलकांच्या कमानी आणि उड्डाणपूल त्याला अडथळे वाटू शकतात.

दोन अंश म्हणजे प्रत्यक्षात किती? रडारचा डबा ८ सेंटिमीटर रुंद धरला, तर त्याची एक बाजू दुसरीपेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर मागे गेली की दोन अंश भरले. डबा ज्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर, म्हणजे ब्रॅकेटवर, बसतो ती पट्टी पार्किंगमधल्या किरकोळ धक्क्यानेही एवढी वाकू शकते. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने दबून पुन्हा फुगतो, त्यावर ओरखडासुद्धा उमटत नाही, आणि मागची पट्टी मात्र वाकलेली राहते.

आपण वाकडे बसलो आहोत हे रडार ज्या रीतीने ओळखतं ती या सगळ्या प्रकारातली सर्वांत देखणी गोष्ट आहे. रडार प्रत्येक वस्तूबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतं : ती कोणत्या कोनात आहे, आणि किती वेगाने जवळ येतेय. रस्त्याकडेचा खांब जागचा हलत नाही, त्यामुळे तो किती वेगाने जवळ येताना दिसावा हे गाडीचा वेग आणि खांबाचा कोन यांवरून पक्कं ठरतं. गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने चालली आहे असं घेऊ. अगदी नाकासमोरची वस्तू सेकंदाला २० मीटरने जवळ येताना दिसेल. सरळ रेषेपासून ३० अंश बाजूला असलेला खांब मात्र १७.३ मीटरने. आता रडारने वेग १७.३ मोजला, पण त्याच्या लेखी तो खांब ३२ अंशांवर असला, तर हिशेब जुळत नाही, कारण ३२ अंशांवरच्या खांबाचा वेग १७च्या किंचित खाली यायला हवा. खांबाने हालचाल केलेली नाही आणि वेगमापनात रडार सहसा इतकं चुकत नाही. मग कोनच चुकतोय, म्हणजे आपणच दोन अंश वळलेले आहोत.

एका खांबावरून रडार हा निवाडा करत नाही. शेकडो खांब, कठड्याचे पाय आणि पाट्या यांची सरासरी काढत काही किलोमीटर जातात. चूक लहान असेल तर ते गणितातच दुरुस्त करून घेतं आणि चालकाला कळवतही नाही. चूक कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेली की ते यंत्रणा बंद करून दिवा लावतं.

आता दुसऱ्या घरची गाडी पुन्हा उलगडून पाहता येते. समजा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिला मागे येणाऱ्या टेम्पोचा धक्का बसला. बंपर फुटला, विम्यातून नवा आला, रंग जुळवून बसवला गेला. रडारचा डबा शाबूत दिसत होता म्हणून जुन्या ब्रॅकेटसकट तसाच ठेवला. गाडी मिळाली त्या दिवशी दिवा नव्हता, कारण रडारला वाकडेपणा ओळखायला रस्ता मिळालेला नव्हता. शहरातल्या सिग्नल ते सिग्नल चालण्यात पुरेसा वेगही मिळत नाही. चार दिवसांनी गाडी एक्स्प्रेसवेवर गेली, दोन्ही बाजूंना कठड्यांची अखंड रांग मिळाली आणि रडारचा हिशेब पुरा झाला. दिवा लागला.

गॅरेजमध्ये कोड पुसला गेला तेव्हा नेमकं काय झालं? बऱ्याच गाड्यांत कोडबरोबर रडारने जमवलेली सरासरीही कोरी होते. दिवा विझतो, यंत्रणा पुन्हा चालू होते, पण रडार तितकंच वाकडं असतं आणि आता त्याला ते ठाऊकही नसतं. पुन्हा काही किलोमीटर धावेपर्यंत गाडी अशा नजरेच्या भरवशावर ब्रेक लावायला तयार बसलेली असते, जी शेजारच्या लेनमधल्या ट्रकवर रोखलेली आहे. दिवा लागलेली गाडी याहून सुरक्षित, कारण ती निदान मध्ये पडत नाही. कोड पुसण्याला दुरुस्ती म्हणण्याची सवय इंजिनाच्या किरकोळ दिव्यांमुळे पडलेली आहे. इथे ती महागात पडू शकते.

खरी दुरुस्ती कॅलिब्रेशनची. त्यासाठी सपाट फरशीची, समोर काही मीटर मोकळी असलेली जागा लागते. टायरमध्ये हवा बरोबर आहे ना, डिकीत सामान नाही ना, हे आधी पाहतात, कारण मागे दोन पोती ठेवली तरी गाडीचं नाक वर उठतं. मग ब्रॅकेट तपासतात. वाकलेला असेल तर ठोकून सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो. डब्यावर लेव्हल ठेवून उभा कोन बघतात. त्यानंतर समोर ठराविक अंतरावर धातूचं लक्ष्य उभं करतात आणि स्कॅनरवरून रडारला ते शोधायला सांगतात. काही गाड्यांना लक्ष्य लागत नाही; त्यांना स्कॅनर जोडलेला ठेवून खांब-कठडे असलेल्या सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाने फिरवून आणावं लागतं.

लक्ष्य नेमकं कुठे उभं करायचं, यात खरी मेख आहे. बॉनेटच्या मध्यरेषेवर धरलं तर चूक होऊ शकते, कारण गाडी नाकाच्या दिशेने धावत नाही. ती मागच्या चाकांनी ठरवलेल्या दिशेने धावते. मागचा अक्सल किंचित तिरका असेल तर स्टिअरिंग थोडं वाकडं धरून गाडी सरळ जाते आणि नाक बाजूला राहतं. म्हणून जाणते मेकॅनिक आधी चारही चाकांचं अलाइनमेंट करून घेतात, मग रडारला हात लावतात. उलट क्रमाने केलं तर अलाइनमेंटनंतर रडार पुन्हा चुकीचं ठरतं.

दुखणं कोणतं, हे ओळखण्याची एक खूण स्कॅनरच्या पडद्यावर मिळते. अनेक कंपन्यांच्या कोडला शेवटी डॅश देऊन दोन अंकांची शेपटी जोडलेली असते आणि तिचा अर्थ आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठरलेला आहे. `-97` असेल तर वाट अडलेली आहे. `-78` असेल तर जुळणी चुकलेली आहे. `-54` असेल तर कॅलिब्रेशन झालेलंच नाही. नवीन रडार बसवून तसंच सोडून दिलं की हा कोड भेटतो. सगळ्याच कंपन्या ही शेपटी वापरत नाहीत. निसान जुन्या पद्धतीचा `C1A16` कोड रडार अडल्यासाठी वापरते, तर टोयोटाचा `C1A11` रडारचा अक्ष सरकल्याचं सांगतो. मालकाने कोडचा फोटो मागून घेतला तरी पुढच्या गॅरेजमधला अर्धा वाद मिटतो.

स्कॅनर हाताशी नसेल तर दिव्याची वागणूक पाहावी. पावसात, चिखलात किंवा धुतल्यानंतर लगेच लागणारा आणि कोरडं झाल्यावर जाणारा दिवा अडथळ्याचा. कोरड्या हवेत, महामार्गावर काही अंतर गेल्यावर लागणारा आणि गाडी बंद-चालू करूनही परतणारा दिवा जुळणीचा, विशेषतः गाडीच्या पुढच्या भागाचं काम नुकतंच झालं असेल तर.

दिवा लागला म्हणून गाडीचे ब्रेक गेले, असं समजून घाबरण्याचं कारण नाही. पायाने दाबायचा ब्रेक आणि एबीएस यांचा रडारशी संबंध नसतो. त्याच रडारवर चालणारा अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ मात्र सोबतच बंद पडतो, आणि अनेकांना दोष पहिल्यांदा कळतो तो क्रूझ लागेना म्हणून. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेसाठी संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १५२चा नियम आहे. यंत्रणेत बिघाड असेल तर पिवळा इशारा सतत दिसत राहिला पाहिजे, असं तो सांगतो. शिवाय ताशी १० किलोमीटरच्या वर एकूण १५ सेकंद चालूनही यंत्रणा तयार झाली नाही तर तेही चालकाला कळवायला लावतो.

मात्र दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असा उलटा अर्थ काढता येत नाही. पुट्टी पातळ असेल किंवा लोगो अर्धवट पारदर्शी असेल तर लहर क्षीण होते, पण अडथळ्याच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही. मग रडार १५० मीटरऐवजी ९० मीटरवरच गाडी ओळखतं आणि दिवा लागत नाही. क्रूझवर असताना पुढची गाडी पूर्वीपेक्षा उशिरा पकडली जाते, एवढीच त्याची खूण. म्हणूनच बंपरच्या विम्याचा अंदाज तयार होत असताना सर्व्हेअरला तिथेच विचारायला हवं की रडारचा ब्रॅकेट आणि कॅलिब्रेशन या दोन ओळी अंदाजपत्रकात आहेत का, आणि गाडी ताब्यात घेताना कॅलिब्रेशनआधीचा व नंतरचा कोन दाखवणारा स्कॅनरचा कागद मागावा. तो कागद देता येत नाही असं उत्तर आलं, तर बंपर बसवला गेलाय, रडार नाही.